टक्का कशावर धरायचा?

अर्थसंकल्पावर सार्वजनिक चर्चा होते ती सभागृहात भाषण वाचले जाते त्या दिवसापासून पुढे आठवडाभर. तोपर्यंत त्यातील बहुतांश आकडे ठरून गेलेले असतात. ते ठरण्याची सुरुवात काही महिने आधी, वित्त विभागाने सर्व प्रशासकीय विभागांना पाठवलेल्या एका परिपत्रकाने होते. पुढील वर्षाचे अंदाज कोणत्या प्रपत्रात भरायचे, महागाई भत्ता कोणत्या दराने धरायचा, कोणत्या बाबीवर किती टक्के वाढ चालेल आणि कोणत्या तारखेपर्यंत आकडे पोहोचले पाहिजेत, एवढेच त्यात असते. केंद्र सरकारात हे परिपत्रक साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात निघते, कारण 2017 पासून केंद्रीय अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडला जातो. राज्यांचे वेळापत्रक त्याच्या मागेपुढे असते. दस्तऐवज कंटाळवाणा असल्यामुळे त्यावर कोणी लिहीत नाही. माझ्या मते मात्र सरकारी खर्चातील दोन जुन्या तक्रारींचे मूळ या परिपत्रकातील एका रकान्यात सापडते. एकीकडे वेतनाच्या तरतुदी वर्षाअखेर शिल्लक राहतात आणि दुसरीकडे वीज-पाण्याची देयके थकतात. दोन्ही गोष्टी एकाच कार्यालयात, एकाच वर्षी घडतात.

आधी प्रपत्राची रचना पाहू. प्रत्येक लेखाशीर्षाखाली खर्चाच्या प्रकारानुसार उद्दिष्ट शीर्षे असतात : वेतन, प्रवास खर्च, कार्यालयीन खर्च, दूरध्वनी-वीज-पाणी देयके, कंत्राटी सेवा, यंत्रसामग्री, बांधकामे इत्यादी. त्या प्रत्येकासमोर चार आकडे भरायचे असतात. मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. पहिले तीन आकडे नोंदींमधून किंवा थोड्या गणितातून मिळतात. चौथा मात्र कुठून तरी काढावा लागतो, आणि परिपत्रकात ‘चालू वर्षाच्या तरतुदीवर अमुक टक्क्यांपेक्षा अधिक वाढ प्रस्तावित करू नये’ अशा धाटणीचे वाक्य असले की तो कुठून काढायचा हा प्रश्न लेखा शाखेपुरता मिटतो. तिसऱ्या रकान्यात पाहण्याचीही गरज उरत नाही. दुसऱ्या रकान्यातील आकड्याला टक्का लावला की चौथा रकाना भरतो. वाक्यात ‘पेक्षा अधिक नको’ असे असले तरी ती कमाल मर्यादा प्रत्यक्षात किमान अपेक्षा म्हणून वाचली जाते, कारण मुभा असताना कमी मागणारा अधिकारी आपल्याच कार्यालयाचे नुकसान करतो, अशी सर्वांची समजूत असते.

एक कल्पित कार्यालय घेऊन हा हिशेब पूर्ण करून पाहू. मंजूर पदे 40, भरलेली पदे 30. भरलेल्या पदांचे मूळ वेतन मिळून महिन्याला 15 लाख रुपये. परिपत्रकाने पुढील वर्षासाठी महागाई भत्त्याचा दर 60 टक्के धरायला सांगितला आहे आणि घरभाडे भत्ता 20 टक्के आहे, असे मानू. चालू वर्षाची तरतूद 3 कोटी 60 लाख आहे. कधी काळी चाळीसही पदांचे पूर्ण वर्षाचे वेतन धरून ती केली गेली आणि तेव्हापासून फक्त टक्क्याने वाढत आली. या वर्षी प्रत्यक्षात खर्च होणार आहेत सुमारे 3 कोटी 10 लाख. परिपत्रकाने तरतुदीवर 8 टक्के वाढ मान्य केली असेल, तर प्रपत्रात 3 कोटी 88 लाख 80 हजार हा आकडा जाईल आणि त्याला कोणी हरकत घेणार नाही.

आता तोच अंदाज मोजणीने काढू. इथे एक बारकावा आहे, जो नवख्या लेखापालाच्या हातून नेहमी निसटतो. मार्चचे वेतन एप्रिलमध्ये अदा होते, त्यामुळे आर्थिक वर्षाच्या खर्चात येणारे बारा महिन्यांचे वेतन हे मार्च ते फेब्रुवारीचे असते. जुलैची 3 टक्के वेतनवाढ म्हणून नऊ महिने न धरता जुलै ते फेब्रुवारी असे आठ महिने धरावी लागते. मार्च ते जून या चार महिन्यांचे मूळ वेतन 60 लाख. जुलैपासून महिन्याला 15 लाख 45 हजार, म्हणजे आठ महिन्यांचे 1 कोटी 23 लाख 60 हजार. एकूण मूळ वेतन 1 कोटी 83 लाख 60 हजार. त्यावर 60 टक्के आणि 20 टक्के भत्ते मिळून होतात 3 कोटी 30 लाख 48 हजार.

इथे थांबूनही चालत नाही. या कार्यालयातील 80 हजार मूळ वेतन असलेला एक अधिकारी 31 मे रोजी सेवानिवृत्त होणार आहे. त्याचे जून ते फेब्रुवारीचे वेतन या शीर्षातून जाणार नाही. जूनचे 80 हजार आणि पुढील आठ महिन्यांचे वाढीव दराने 6 लाख 59 हजार 200 असे मूळ वेतन, त्यावरील भत्त्यांसह, 13 लाख 30 हजार 560 रुपये होते. ते वजा करायचे. दुसरीकडे, रिक्त दहा पदांपैकी चार पदांची निवड यादी लागलेली आहे आणि उमेदवार ऑक्टोबरात रुजू होतील अशी वाजवी अपेक्षा आहे. प्रत्येकी 25 हजार 500 मूळ वेतन, ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे पाच महिने, भत्त्यांसह 9 लाख 18 हजार. ते मिळवायचे. उरलेल्या सहा पदांसाठी जाहिरातही निघालेली नसेल, तर त्यांच्यासाठी एक रुपयाही धरायचे कारण नाही. बेरीज येते 3 कोटी 26 लाख 35 हजार 440. तरतुदीवर टक्का लावून आलेल्या आकड्यापेक्षा ही रक्कम 62 लाखांहून अधिक कमी आहे.

कोणी म्हणेल, मग टक्का तरतुदीऐवजी प्रत्यक्ष खर्चावर लावा, एवढ्या मोजणीची गरज काय? 3 कोटी 10 लाखांवर 8 टक्के म्हणजे 3 कोटी 34 लाख 80 हजार. मोजणीच्या आकड्यापासून तो साडेआठ लाखांच्या आत आहे. सूचना चांगली आहे आणि वेतनापुरती ती आजच्या पद्धतीपेक्षा निश्चित बरी आहे. पण आकडे इतके जवळ आले यात योगायोगाचा वाटा मोठा आहे. एक निवृत्ती आणि चार नव्या नेमणुका यांनी एकमेकांना बरेचसे खोडून काढले. ज्या कार्यालयात त्याच वर्षी पाच वरिष्ठ निवृत्त होतात किंवा मोठी भरती पूर्ण होते, तिथे प्रत्यक्ष खर्चावरचा टक्काही चुकतो. तो चुकला हे ओळखायचे तर तुलनेसाठी मोजणी लागतेच.

या 62 लाखांचे पुढे काय होते, हे पाहिल्याशिवाय हा केवळ लेखापालांचा वाद वाटेल. ती रक्कम कोणी खिशात घालत नाही. ती अर्थसंकल्पात बसून राहते. अर्थसंकल्प तयार होताना एकूण महसुलातून ती बाजूला काढलेली असते, म्हणून तेवढ्या रकमेची दुसरी एखादी मागणी नाकारली गेलेली असते. वेतनाची तरतूद दुसरीकडे वळवण्यावर सहसा निर्बंध असतात, त्यामुळे वर्षाच्या मध्यात तिचा उपयोगही होत नाही. अखेरच्या तिमाहीत ती समर्पित होते, म्हणजे न वापरता वित्त विभागाला परत केली जाते, आणि उशिरा समर्पित झाली तर ती वापरायला कोणालाच वेळ उरत नाही. 31 मार्चला उरलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या राज्य वित्तव्यवस्थेवरील अहवालांत मोठ्या बचती, अखेरच्या क्षणी केलेली समर्पणे आणि मूळ तरतूदही पुरती खर्च न होता घेतलेल्या पुरवणी मागण्या यांची प्रकरणे वर्षानुवर्षे येत असतात. ती वाचताना वाटते की खर्च करणाऱ्याने दिरंगाई केली. कित्येकदा तसे असतेही. पण वेतनाच्या शीर्षात दिरंगाई कशी होणार? वेतन तर दरमहा निघतेच. तिथली बचत ही अंदाज भरण्याच्या दिवशीच जन्माला आलेली असते. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तरतुदीवर टक्का लावला की 3 कोटी 88 लाखांचे 4 कोटी 20 लाख होतात.

आता त्याच कार्यालयातील विजेचे देयक पाहू, कारण इथे वेतनाला लागू पडणारा उपाय उलटा फिरतो. महिन्याचे देयक 90 हजार, वर्षाचे 10 लाख 80 हजार. तरतूद मिळाली 8 लाख. कार्यालयाने आठ लाख भरले आणि 2 लाख 80 हजार थकले. सरकारी लेखे रोख तत्त्वावर ठेवले जातात, म्हणजे पैसे दिले तेव्हाच खर्चाची नोंद होते. त्यामुळे प्रपत्रातील प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात 8 लाख हाच आकडा येतो. थकलेली रक्कम त्या रकान्यात दिसूच शकत नाही. परिपत्रकाने 5 टक्के वाढ मान्य केली तर पुढील वर्षी 8 लाख 40 हजार मिळतील. गरज आहे 13 लाख 60 हजारांची. मागची थकबाकी भरल्यावर हातात उरतात 5 लाख 60 हजार, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांची देयके. दुसऱ्या वर्षाअखेर थकबाकी 5 लाख 20 हजार होते, विलंब आकार वेगळा. कागदोपत्री मात्र हे कार्यालय काटकसरी दिसते, कारण त्याचा ‘प्रत्यक्ष खर्च’ तरतुदीच्या आतच असतो.

म्हणजे वेतनात तरतूद हा पाया फुगलेला आहे आणि विजेत प्रत्यक्ष खर्च हा पाया आक्रसलेला आहे. दोन्हींवर टक्का लावून केलेली बेरीज विभागाच्या पातळीवर पटण्यासारखी दिसते, कारण फुगवटा आणि तूट एकमेकांत मिसळून जातात. वित्त विभागातील अधिकारी एकूण वाढीचा टक्का पाहतो, तो मर्यादेत असतो, आणि प्रस्ताव पुढे सरकतो. माझा आक्षेप टक्क्यावर नाही. कोणत्या शीर्षाला तो लावायचा, आणि लावायचाच असेल तर कशावर, हे परिपत्रक सांगत नाही, किंवा सर्व शीर्षांना एकच उत्तर देते, यावर आहे.

माझ्या मते परिपत्रकाने खर्चाच्या स्वभावाप्रमाणे वेगळे प्रश्न विचारायला हवेत. वेतनासाठी प्रपत्रात मंजूर पदे हा रकाना अंदाजाचा आधार म्हणून नकोच. तिथे एका ठरावीक महिन्याच्या पारित वेतन देयकातील पदसंख्या आणि मूळ वेतनाची बेरीज यावी, आणि निवृत्ती व नेमणुका यांच्या ओळी त्याखाली वेगळ्या याव्यात. ही माहिती गोळा करण्यासाठी कोणाला धावपळ करावी लागणार नाही. महाराष्ट्रात राज्य शासनाची वेतन देयके सेवार्थ प्रणालीतून तयार होतात, आणि जन्मतारीख तिथे असल्यामुळे सेवानिवृत्तीची तारीखही तिथूनच कळते. प्रणालीत असलेला आकडा पुन्हा हाताने भरायला लावणे हे चुकीला आमंत्रण आहे. अंदाज हजार रुपयांत द्यायचे असताना एखाद्या ओळीत पूर्ण रुपये लिहिले जाणे, ही या कामातील जुनी आणि दर हंगामात भेटणारी चूक आहे.

वीज, पाणी, दूरध्वनी, भाडे अशा बाबींसाठी प्रश्न असावा तो देयकांचा : गेल्या बारा महिन्यांत किती रकमेची देयके आली, त्यांपैकी किती भरली, किती थकीत आहेत आणि त्यांपैकी सर्वांत जुने कोणत्या महिन्याचे आहे. चार आकडे. थकबाकीचा आकडा एकदा प्रपत्रात आला की त्यावर तरतूद द्यायची की नाही हा वित्त विभागाचा निर्णय राहील. पैसे नसतील तर तो नाही म्हणेल. पण तो नकार त्या रकमेची माहिती असून दिलेला असेल. आज ती रक्कम कोणालाच न विचारता नाकारली जाते.

महागाई भत्त्याच्या दराबाबत परिपत्रकाचा एकसमान दर देण्याचा आग्रह मला योग्य वाटतो. प्रत्येक विभागाने आपापल्या अंदाजाने दर धरला तर बेरीज निरर्थक होईल. तरीही वर्षभरासाठी एकच दर देणे ढोबळ आहे. भत्त्याची सुधारणा सहसा 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून लागू होते आणि घोषणा त्यानंतर होते, म्हणून मार्च ते जूनच्या वेतनासाठी एक, जुलै ते डिसेंबरसाठी दुसरा आणि जानेवारी-फेब्रुवारीसाठी तिसरा असे तीन दर द्यायला काहीच अडचण नाही. वरच्या कार्यालयात पहिल्या चार महिन्यांसाठी 60 ऐवजी 58 टक्के धरले तर फक्त 1 लाख 20 हजारांचा फरक पडतो. एका कार्यालयाचा हा फरक क्षुल्लक आहे, पण दर एकाच परिपत्रकातून सर्वांना जात असल्यामुळे त्यातील चूक सर्वत्र एकाच दिशेने होते आणि कुठेही खोडली जात नाही.

मोजणीच्या सूचनेविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद वेळेचा आहे, आणि तो मी हलका समजत नाही. अर्थसंकल्पातील प्रत्येक बाब शून्यापासून सिद्ध करायला लावण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी झाला. अमेरिकेच्या संघराज्य सरकारात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तो 1977 मध्ये आणला आणि 1981 मध्ये पुढच्या प्रशासनाने तो गुंडाळला. कागदांचे ढीग वाढले आणि निर्णय फारसे बदलले नाहीत, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता. सर्व शीर्षांवर मोजणी लादली तर इथेही तेच होईल. म्हणून मी ती वेतन आणि देयके या दोनच गटांसाठी मागतो आहे. तिथे मोजायच्या वस्तू आधीच मोजलेल्या असतात. प्रवास, कार्यालयीन खर्च, छपाई यांसारख्या किरकोळ शीर्षांवर टक्का खुशाल राहू द्यावा. तिथे अचूकतेसाठी घालवलेला वेळ वाचलेल्या रकमेपेक्षा महाग पडेल.

दुसरा आक्षेप असा की, मोजणीही फुगवता येते. चार उमेदवार ऑक्टोबरात येणार हे माहीत असूनही ते जूनमध्येच येतील असे भरता येते. खरे आहे. पण फुगवलेल्या मोजणीला एक ठराविक, तपासता येणारे विधान चिकटलेले असते. पुढच्या वर्षी कोणीही विचारू शकतो की, जूनमध्ये येणारे चौघे कुठे आहेत? आठ टक्क्यांना असा प्रश्न विचारता येत नाही.

उरतो तारखांचा भाग, आणि परिपत्रकाचा हा भाग मला सर्वांत दुबळा वाटतो. परिपत्रकात वित्त विभागाकडे अंदाज पोहोचण्याची अंतिम तारीख असते. पण आकडा प्रवास करतो तो कार्यालयाची देयके काढून रक्कम वाटणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यापासून नियंत्रक अधिकाऱ्याकडे, तिथून प्रशासकीय विभागाकडे आणि मग वित्त विभागाकडे. मधल्या प्रत्येक टप्प्यावर आपल्याकडे छाननीला वेळ हवा म्हणून तारीख थोडी अलीकडे ओढली जाते. वर सहा आठवडे दिलेले असतील तर खाली, जिथे देयके आणि सेवापुस्तके प्रत्यक्षात असतात, तिथे तीन-चार दिवस उरतात. तीन दिवसांत माणूस मोजत बसत नाही, तो मागच्या वर्षीची प्रत काढून टक्का लावतो. म्हणून चारही टप्प्यांच्या तारखा परिपत्रकातच छापल्या जाव्यात, आणि निम्म्याहून अधिक वेळ पहिल्या टप्प्याला मिळावा. वरच्या टप्प्यांवरील काम मुख्यत: बेरजेचे आणि तपासणीचे आहे, आणि संगणकीय प्रणालीत बेरजेला वेळ लागत नाही.

तारखेला जोडून येणारी दुसरी गोष्ट म्हणजे आकडे कोणत्या महिन्यापर्यंतचे घ्यायचे. महाराष्ट्रात वर्षाच्या पहिल्या चार आणि आठ महिन्यांच्या खर्चावरून काढलेल्या चारमाही आणि आठमाही अंदाजांची पद्धत रुळलेली आहे. आठ महिन्यांचा खर्च हाती असताना केलेला सुधारित अंदाज वेतनाच्या बाबतीत बराच विश्वसनीय असतो. पुढील वर्षाचा अंदाज मात्र बऱ्याचदा त्याआधीच मागवला जातो आणि नंतर कोणी तो पुन्हा उघडत नाही. वेतनापुरता तरी पुढील वर्षाचा अंदाज आठमाही आकड्यांनंतर एकदा दुरुस्त करण्याची मुभा, दहा दिवसांची का होईना, परिपत्रकात असावी. ही दुरुस्ती फक्त खाली जाणारी असावी की वर जाणारीही, यावर मतभेद होऊ शकतात. मला दोन्ही दिशांची मुभा योग्य वाटते, कारण फक्त कपातीची मुभा असेल तर ती कोणी वापरणार नाही.

तारीख चुकवणाऱ्याचे काय करायचे, हाही प्रश्न आहे. मुदतीत अंदाज न आल्यास वित्त विभाग स्वत: तरतूद निश्चित करील, असा इशारा परिपत्रकांत दिला जातो. ऐकायला तो कडक आहे. पण वित्त विभागाकडे त्या क्षणी हाताशी असतो तो चालू वर्षाच्या तरतुदीचाच आकडा, आणि तो जसाच्या तसा किंवा थोडा वाढवून घेतला जातो. ज्याची तरतूद फुगलेली आहे त्याच्यासाठी हा इशारा बक्षीस ठरतो. मुदत चुकल्यास वेतनासाठी शेवटच्या पारित देयकाची बारा पट आणि देयकांच्या शीर्षांसाठी मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, कोणत्याही वाढीशिवाय, धरला जाईल, असे लिहिले तर प्रपत्र वेळेवर भरण्याला काही अर्थ येईल. यात ज्यांची वीजदेयके खरोखर थकलेली आहेत अशा कार्यालयाचे हाल होतील, हे मान्य करावे लागते. त्यावर उतारा म्हणून थकबाकीची नोंद वर्षभर केव्हाही प्रणालीत करता यावी आणि अंदाजाच्या वेळी ती आपोआप उचलली जावी. मग पहिल्या टप्प्यावरील लिपिकाने प्रपत्र उशिरा भरले तरी देणी नजरेआड होणार नाहीत.